रद्द झालेले विमान

पोरांच्या रजेच्या चिठ्ठ्या वाचता वाचता माझी निम्मी नोकरी सरली. त्यांत 'काही अपरिहार्य कारणामुळे' हे शब्द दिसले, की मी चष्मा पुसून घेतो. कारण खरे असले तर पोर ते सांगून मोकळे होते. अपरिहार्य असते ते बहुधा क्रिकेट!

गेल्या जानेवारीत माझा भाचा नागपूरला ताईकडे आला होता. मेहुणे गेल्यानंतरचे हे त्याचे पहिलेच येणे. रविवारी रात्री पावणेनऊच्या विमानाने तो बंगळूरला परतायचा होता. सव्वासातला निरोप आला, विमान रद्द! बाहेर तर आभाळात चांदण्या लखलखत होत्या. पण एकच विमान दिवसभरात चार-पाच गावे हिंडते. सकाळी दिल्लीच्या धुक्यात ते अडकले, की पुढे उशीर साचत जातो. वैमानिकांच्या कामाचे ठरलेले तास संपतात, आणि संध्याकाळचे गाव कोरडे राहते. अशा वेळी नुकसानभरपाई नसते. पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, एवढेच.

भाच्याने मॅनेजरसाठी मजकूर लिहिला आणि मला दाखवला. "अपरिहार्य कारणामुळे विमान रद्द झाल्याने मंगळवारी रुजू होईन."

"सोमवारी सकाळचे विमान नाही का?" मी विचारले.

तो घुटमळला. "जागा आहे, मामा. पण आई..."

मी म्हटले, "मग विमानाने तुझी एक रात्र घेतली. सोमवार तू घेतो आहेस. दोन्ही एका वाक्यात कोंबू नकोस."

त्याने पुन्हा लिहिले:

"साहेब, आज रात्री पावणेनऊचे नागपूर–बंगळूर विमान रद्द झाले. कंपनीचा निरोप सोबत जोडला आहे. विमान दिल्लीहून यायचे होते. तिथे सकाळी धुके होते. उद्या सकाळच्या विमानात जागा आहे. पण वडील गेल्यापासून आई एकटी असते, म्हणून उद्याची एक दिवस रजा मागतो. मंगळवारी दुपारी बारापर्यंत कामावर येईन. उद्याचा अहवाल तयार आहे, तो सहकाऱ्याकडे पाठवला आहे. रजा शक्य नसेल तर दहापर्यंत कळवावे. सकाळचे विमान धरीन."

मजकूर पहिल्यापेक्षा लांबला खरा. पण साहेबाला उलट विचारावे असे त्यात काही उरले नव्हते. आणि 'नाही' म्हणायची वाटही मोकळी होती. भाच्याला भीती वाटत होती ती तिचीच.

साडेनऊपर्यंत तो फोनकडे पाहत बसला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काही विचारले नाही. कुकरचे झाकण मात्र दोनदा उगीचच पुसले.

मग फोन वाजला. "रजा घ्या. मंगळवारी भेटू."

ताई आत वळली आणि डब्यातून आणखी एक वाटी तांदूळ काढले.