बादलीत काय पडतं ते बघू



दिवाळीआधी आमच्या पारनेरच्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं केलं आणि भिंतीवर पाण्याचं मशीन बसवलं. बसवायला आलेला मुलगा सिंकच्या वर, आरशाच्या उंचीवर भोकं पाडायला निघाला होता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, माझी कळशी तोटीखाली बसेल का, ते आधी बघ." मग टेप काढली. ओटा 32 इंच, कळशी 13 इंच, वर दोन बोटं मोकळी. म्हणून तोटी जमिनीपासून 47 इंचांवर आली. मशीनची उंची वीस इंच, त्यामुळे आकड्यांची पट्टी सासूबाईंच्या डोळ्यांसमोर आली. दुकानातल्या फोटोत मशीन छोटं दिसतं, पण टाकी भरल्यावर वजन वाढतं. त्यामुळे नुसत्या प्लास्टरवर न टांगता आतल्या विटेत स्क्रू धरलाय ना, हे बघून घ्या.

खरं भांडण त्यानंतर झालं. मशीनमागून एक बारीक नळी सिंकमध्ये सोडली होती आणि तिच्यातून सारखं पाणी वाहत होतं. सासूबाईंनी पाण्याचा एक थेंबही कधी वाया घालवला नाही. पाण्यातले जीव तर आहेतच, शिवाय आपल्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली माणसं आपण. "पिण्याचं पाणी करायला एवढं पाणी सांडायचं? काढून टाक ते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काढण्याआधी बादलीत किती पडतं ते तरी बघू. तोटीखाली लिटरचं माप ठेवलं आणि नळी बादलीत सोडली. एक लिटर शुद्ध पाणी मिळेपर्यंत बादलीत अडीच लिटर जमलं. म्हणजे साडेतीन लिटरांतलं एकच लिटर आपलं.

मशीनच्या पट्टीवर टीडीएस 58 दिसत होता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पेनासारखं छोटं मीटर आणून बोअरचं पाणी मोजलं, तर 820 निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत चांगलं धरलंय. म्हणजे बोअरच्या पाण्याला मशीन लागतंच. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसायचा आणि डाळ शिजायला वेळ लागायचा, त्याचं कारण हेच. बादलीतल्या पाण्याचा आकडा अकराशेच्या वर गेला. जे क्षार आपल्या पाण्यातून काढले ते तिकडेच जाणार. म्हणून ते पाणी आम्ही फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. तुळशीला घालत नाही, माती हळूहळू खारट होते.

मग नगरपंचायतीचं पाणी आलं त्या दिवशी तेही मोजलं. फक्त 240! त्यासाठी मशीनची गरजच नव्हती. इतके दिवस आम्ही तेही मशीनमधून घेऊन अडीच पट पाणी बादलीत घालवत होतो. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानंही 500 च्या खालच्या पाण्यासाठी आरओ वापरू नये असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

पण आकडा कमी म्हणून पाणी स्वच्छ, असं मात्र समजू नका. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच बघतं. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा फारसा हलणार नाही. त्यामुळे नळाचं पाणी आता दुहेरी कापडातून गाळून, खळखळ उकळून भरतो. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मात्र जवळजवळ तसेच राहतात. म्हणून बोअरचं पाणी फक्त उकळून भागत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत.

सासूबाईंचा गरम पाण्याचा नियम आहे, त्यामुळे बोअरच्या दिवशी मशीनमधून निघालेलं पाणीही त्या उकळूनच घेतात. प्रहरांचा हिशोब पूर्वीसारखाच, पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. मशीन दोन-तीन दिवस बंद राहिलं, तर टाकीतलं शिळं पाणी काढून घासायच्या भांड्यांवर वापरतो आणि मग नवं भरतो.

पट्टीवरच्या आकड्याचा खरा उपयोग आत्ता कळलाय. बोअरचं पाणी 820 असताना पट्टीवर 58, म्हणजे शंभरातले त्र्याण्णव भाग क्षार अडतात. तोच आकडा दीडशेवर गेला, तर आतली जाळी थकली समजायचं. दर पहिल्या तारखेला दोन्ही आकडे मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिहिते. पण एकदा मीटर न लावता नुसती पट्टी वाचून आकडा वाढल्याची धास्ती घेतली होती. नंतर लक्षात आलं, बोअरचीच पातळी खाली गेली होती आणि मूळचं पाणीच हजाराच्या पुढे गेलं होतं.

नळाचा दिवस आता सासूबाईच लक्षात ठेवतात. पाणी आलं की मशीनचं बटण बंद करून कळशी नळाखाली लावतात.