तसराळं आणि झारी

एप्रिलचा दुसरा आठवडा. विश्रांतवाडीतल्या आमच्या गॅलरीत दुपारी उभं राहवत नाही. पीस लिलीने मान टाकली. सकाळीच पाणी घातलं होतं, ताटलीत साचलेलंही दिसत होतं. मग तहान कसली? कुंडी उचलून पाहिली तर फुलासारखी हलकी. कोकोपीट वाळून आक्रसलं होतं आणि कुंडीच्या कडेपासून नखभर सुटलं होतं. ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत.

*

खातरजमा करावी म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅलरीत आणला. (घरच्यांचं मत विचारू नये.) पाच इंची प्लॅस्टिकची कुंडी, झाडासकट 420 ग्रॅम. वरून 300 मिली पाणी घातलं, 210 निथळून खाली आलं. मातीत राहिलं जेमतेम 90. मग तीच कुंडी तसराळ्यात ठेवली, दोन बोटं पाण्यात. दहा मिनिटं काहीच नाही. चाळिसाव्या मिनिटाला वरचं कोकोपीट काळपट ओलं दिसलं. वजन 780. संध्याकाळपर्यंत पानं ताठ.

तेव्हापासून माझी खूण एकच: वरचा थर ओला दिसला की कुंडी बाहेर, निथळू द्यायची आणि जागेवर. रात्रभर पाण्यात ठेवली तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. तसं झालेलं झाडही मान टाकतंच, फक्त कुंडी जड लागते. म्हणून आधी उचलून बघावं, मग पाणी.

*

पाणी वर चढतं ते मातीतल्या बारीक फटींमधून, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढायचं तसं. फटी जितक्या बारीक तितकं वर. आपल्याकडे कुंडी भरताना तळाला विटांचे तुकडे घालायची जुनी सवय आहे. तुकड्यांमधल्या फटी मोठ्या, तिथे वातच तुटते. शेजारच्या काकूंची कुंडी तासभर पाण्यात बसून कोरडीच्या कोरडी राहिली ती यामुळे. तुकड्यांचा थर इंचभर असेल तर पाणी इंचाच्या वर हवं, म्हणजे ते मातीला टेकेल. नाहीतर सरळ झारी घ्यावी.

*

मातीची कुंडी आधी स्वतः पिते. कोरडी असेल तर पाण्यात ठेवल्यावर बुडबुडे येतात, बारीक चर्रर्र ऐकूही येतं. तिला जास्त वेळ द्यावा. खाली भोक नसलेल्या चकचकीत चिनी मातीच्या कुंडीला खालून पाणी देण्याचा प्रश्नच नाही. तिच्यात वरून घातलेलंही तळाला साचून राहतं, म्हणून झाड आत प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवावं आणि पाण्यापुरतं बाहेर काढावं.

बारा इंची कुंडीतला मोगरा आणि कढीपत्ता: वरूनच. एवढी कुंडी उचलणार कोण, आणि एवढ्या उंचीवर पाणी नीट चढतही नाही. माती फार वाळली असेल तर आधी तांब्याभर घालून दहा मिनिटं थांबावं, मग उरलेलं. पहिल्या पाण्याने माती फुगते, फट मिटते.

तुळशीला तसराळ्यात बसवायचं सुचवून पाहिलं. आईने नुसतं बघितलं.

*

खालून पाण्याचं खरं सुख आफ्रिकन व्हायोलेटला. तिच्या लवदार पानांवर गार पाणी पडलं की फिकट डाग उरतात आणि मधल्या गड्ड्यात साचलं तर तो कुजतो. ट्रेमध्ये पेरलेल्या बारीक बियांनाही हेच बरं. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. टोमॅटोची दोन पानांची रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात, तो बुरशीचा रोग. वरचा थर सतत ओला नसला की तो कमी दिसतो. मातीवर घिरट्या घालणारी चिलटंही तशीच कमी होतात.

*

मे महिना. टँकर सुरू. हे पाणी जड, बादलीला पांढरी पुटं चढतात. खालून दिलेलं पाणी वर येऊन उडून जातं, क्षार मात्र तिथेच राहतात. पीस लिलीच्या मातीवर पांढरी साय दिसली आणि पानांची टोकं तपकिरी झाली. साय चमच्याने खरवडून काढली. मग कुंडी मोरीत नेऊन तिच्या दुप्पट पाणी वरून सावकाश ओतलं, सगळं खाली वाहू दिलं. खालून पाणी पिणाऱ्या प्रत्येक कुंडीला महिन्यातून एकदा ही आंघोळ.

*

एकाच तसराळ्यात सगळ्या कुंड्या बसवायचा आळस केला होता. एकीच्या मुळांना पांढरा कापशी ढेकूण होता, महिन्याभरात तो तिघींना. आता ज्याचं त्याचं पाणी वेगळं, आणि उरलेलं मोरीत.

ताटल्याही रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

*

माउलींची पालखी आळंदी रोडने पुण्याकडे गेली. त्याच रात्री पाऊस. कुंड्या चार दिवस जडच आहेत. तसराळं धुऊन पालथं घातलं.