रिलीज पुढे गेलं, त्याची मेल

शुक्रवारचं रिलीज बुधवारवर गेलं. "पाइपलाइन मायग्रेशनमुळे उशीर" एवढ्यावरून बिझनेसवाल्यांना काय कळणार, कप्पाळ! म्हणून सरळ लिहिलं:

"जुन्या जेन्किन्स सर्व्हरवर कोणीतरी कधीकाळी एक जार हाताने टाकली होती. ती `~/.m2` मध्ये पडून असल्याने बिल्ड बिनबोभाट चालायचं. तो सर्व्हर आता बंद झालाय. गिटहबकडे प्रत्येक जॉबला कोरं मशीन मिळतं, तिथे ती सापडेना. प्रॉडक्शनमधल्या वॉर फाइलमधून तीच जार काढून आमच्या नेक्ससमध्ये ठेवली. बिल्ड होतंय, रिग्रेशनला दोन दिवस लागतील. काही निघालं तर बुधवारही जाईल. मंगळवारी पाचपर्यंत कळवतो."

मॅनेजर म्हणाला, शेवटचं वाक्य काढ. नाही काढलं. सपोर्टवाले त्यावरच सुट्ट्या ठरवणार होते ना!