परीक्षेच्या पुटकुळ्या

परीक्षा जवळ आली की आमच्या नातीच्या कपाळावर व हनुवटीवर पुटकुळ्या उठतात. घरात दोष दिला जातो तो तळणाला. आम्हांस ते पटत नाही. कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटे चढते, रात्री उतरते. जागरण झाले की दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते पुरेसे उतरत नाही, आणि पुटकुळ्यांचा दाह बळावतो. गंमत अशी, की २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सिंगापूरच्या पाहणीत परीक्षाकाळी मुलांचे मुरूम वाढले, चेहऱ्यावरील तेल मात्र फारसे वाढले नव्हते. मग साबणाने चारचारदा तोंड धुऊन काय साधणार? यंदा तिने दिवा दोनऐवजी अकराला मालवला. जुन्या पुटकुळ्या वाळायला तीन आठवडे लागलेच. नव्या मात्र मोजक्याच आल्या.