ताऱ्यांखालचा आकडा

बारा-तेरा वर्षं मी लोकांना एकच सल्ला देत आले: वस्तू घेताना तारे बघा. नाशिकच्या एका पतसंस्थेत मी हिशेब लिहिते. त्यामुळे शेजारीपाजारी, नात्यातले लोक खरेदीच्या आधी मला विचारतात आणि मीही मनापासून सांगते. फ्रीज असो, एसी असो, टीव्ही असो, माझं उत्तर ठरलेलं असायचं. जितके तारे जास्त, तितकं बिल कमी. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने बोलले आहे, की ते अर्धवट होतं हे कबूल करणं मला आता आवश्यक वाटतं.

गेल्या वर्षी आमचा बत्तीस इंची टीव्ही बिघडला. त्याच्यावर दोन तारे होते. नवा पंचावन्न इंची घेतला, त्याच्यावर तीन. मोठा पडदा मिळाला आणि एक ताराही वाढला, म्हणून मी समाधानात होते. बिल थोडं का होईना उतरेल, असं मी घरात सांगूनही टाकलं. दोन महिन्यांनी बिल वाढलेलं दिसलं. आधी मीटरवर संशय घेतला, मग फ्रीजवर. टीव्हीवर संशय घ्यायला माझं मन तयारच नव्हतं, कारण त्याचे तारे वाढले होते.

शेवटी टीव्हीच्या खोक्यावरचं लेबल पुन्हा काढून बघितलं, आणि पहिल्यांदाच ताऱ्यांच्या खालची ओळ नीट वाचली. तिथे वर्षाला 168 युनिट असं छापलं होतं. जुन्या टीव्हीचं लेबल मागच्या बाजूला अजून चिकटलेलं होतं, त्याच्यावर वर्षाला 64 युनिट. म्हणजे एक तारा जास्त असलेला टीव्ही अडीच पटीहून जास्त वीज घेणार, हे दुकानातच माझ्यासमोर लिहिलेलं होतं.

हे कसं, तर ऊर्जा दक्षता ब्युरो टीव्हीला तारे देताना पडद्याचं क्षेत्रफळ धरून देतं. पडदा मोठा, तर त्याला तेवढ्याच ताऱ्यांसाठी जास्त युनिटची मुभा. बत्तीस आणि पंचावन्न हे आकडे कर्णाचे आहेत. क्षेत्रफळ काढलं तर पंचावन्न इंची पडदा बत्तीस इंचीच्या जवळजवळ तिप्पट भरतो. त्यामुळे तारा सांगतो ते एवढंच, की आपल्या आकाराच्या टीव्हींमध्ये हा काटकसरी आहे की उधळा. लहान आणि मोठ्या टीव्हीची तुलना तारा करतच नाही. शिवाय निकष काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलावर त्याचा कालावधीही छापतात. जुन्या काळातले दोन तारे आणि आत्ताचे तीन तारे एका तराजूत घालणं हीसुद्धा माझी चूकच होती.

तरी 168 हा आकडा आमच्या घराचा नव्हता. लेबलावरचे युनिट काढताना टीव्ही रोज सहा तास चालू आणि उरलेले अठरा तास स्टँडबायवर आहे असं धरलेलं असतं. आमच्याकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी दोनला टीव्ही लावतात. संध्याकाळी मुलं बसतात, रात्री जेवणानंतर आम्ही. मी आठवडाभर वहीत तास लिहिले, तर सरासरी दहा निघाली. सहा धरून केलेला हिशेब आम्हाला लागू पडणार कसा?

लेबलावरून आपला आकडा काढणं मात्र अवघड नाही. आजचे टीव्ही स्टँडबायवर साधारण अर्धा वॅट घेतात. अठरा तासांनी वर्षभराचे ते तीनेक युनिट होतात. 168 मधून ते वजा केले की 165 उरतात. सहा तास गुणिले 365 म्हणजे 2190 तास. 165 ला 2190 ने भागलं की 0.075, म्हणजे चालू असताना सुमारे 75 वॅट. आता आपले तास घाला: 75 वॅट, दहा तास, 365 दिवस. 274 युनिट. उरलेल्या चौदा तासांचं स्टँडबाय धरून 276.

आता पैसे. इथे मी दुसरी चूक करत होते, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईला ती जास्त लागते. मी बिलाची एकूण रक्कम घ्यायचे, एकूण युनिटने भागायचे आणि येईल तो दर धरायचे. आमचं महिन्याचं बिल 210 युनिटच्या आसपास असतं, आणि असा भागाकार केला की युनिटला साधारण अकरा रुपये यायचे. पण महावितरणचा घरगुती दर एकच नसतो, तो टप्प्यांनी चढतो. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटला 4 रुपये 71 पैसे होते, 101 ते 300 ला 10 रुपये 29 पैसे. दोन्हींवर 1 रुपया 17 पैसे वहन आकार, आणि त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो मी हिशेबात धरलेला नाही.

पहिले शंभर युनिट आमचे काहीही केलं तरी लागणारच आहेत. फ्रीज, दिवे, पंखे, मिक्सर यांत ते जातात. टीव्हीचे महिन्याचे 23 युनिट कमी झाले, तर ते खालून कमी होत नाहीत, वरून होतात. 210 चे 187 होतात आणि दोन्ही आकडे दुसऱ्या टप्प्यातच राहतात. म्हणून टीव्हीचा खरा दर दुसऱ्या टप्प्याचा: 10.29 अधिक 1.17, त्यावर 16 टक्के, म्हणजे 13 रुपये 29 पैसे. 276 युनिटचे 3,668 रुपये.

हाच टीव्ही आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे असता, तर वेगळी गोष्ट होती. त्या एकट्या राहतात, त्यांचं बिल महिन्याला 85 युनिटचं. त्यांचं घर टीव्हीसकट पहिल्या टप्प्यातच मावतं, आणि तिथला दर सगळं धरून 6 रुपये 82 पैसे. तेवढेच तास, तोच टीव्ही, तरी खर्च जवळपास निम्मा. उलट एखाद्या घरात उन्हाळ्यात एसी लागून 300 च्या वर युनिट गेले, तर त्या महिन्यात वरच्या प्रत्येक युनिटला त्याच दरपत्रकाने 18 रुपयांहून जास्त पडायचे. टीव्हीचा वर्षाचा खर्च सांगा, असं कोणी विचारलं तर घराचं बिल बघितल्याशिवाय तो सांगता येत नाही, हे मला या कागदपेन्सिलीनेच शिकवलं.

एवढं करूनही बिलातली वाढ पुरती उलगडत नव्हती. म्हणून एका रविवारी दुपारी मी मीटरशी बसले. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला 3200 imp/kWh असं छापलेलं आहे. याचा अर्थ दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. फ्रीजचा प्लग काढला, घरातला प्रत्येक दिवा-पंखा बंद केला, राउटरसुद्धा. दिवा पूर्ण थांबला याची खात्री केली. मग फक्त टीव्ही लावला आणि सहा मिनिटं मोजलं. 41 वेळा. तासाला 410. त्याला 3200 ने भागलं तर 128 वॅट.

75 कुठे आणि 128 कुठे! मुलाने सेटिंग उघडून बघितलं तेव्हा पिक्चर मोड Vivid वर होता. दुकानात लखलखाटात चित्र उठून दिसावं म्हणून ठेवतात तो हा मोड. बसवायला आलेल्या माणसाने तसाच ठेवला असावा आणि आम्हीही बघितलं नाही. लेबलावरची चाचणी मात्र घरगुती मोडवर करतात. अशा टीव्हीत बहुतेक वीज पडद्यामागच्या दिव्यांना लागते, त्यांचा उजेड वाढवला की वॅट वाढणारच. Standard वर आणून पुन्हा सहा मिनिटं मोजलं: 26. म्हणजे 81 वॅट, लेबलाच्या बऱ्यापैकी जवळ. दहा तासांनी वर्षाचे 299 युनिट. Vivid वर ते 470 झाले असते. फरक 171 युनिट, 13.29 ने गुणले तर 2,270 रुपयांच्या पुढे. पहिले दोन दिवस चित्र फिकट वाटलं. तिसऱ्या दिवशी आईंनीच सांगितलं की आता रात्री डोळे दुखत नाहीत.

मग टीव्ही बंद करून फक्त सेट-टॉप बॉक्स मोजला. इतक्या कमी वॅटला सहा मिनिटं पुरत नाहीत, म्हणून अर्धा तास बसले. 16 वेळा, म्हणजे 10 वॅट. रिमोटने बंद करून पुन्हा अर्धा तास: 15 वेळा. रिमोटने त्याचा नुसता दिवा बदलतो, वीज जवळजवळ तितकीच चालू राहते. चोवीस तास प्लगला असलेला हा डबा वर्षाला 85 युनिटच्या आसपास खातो. जुन्या टीव्हीच्या लेबलावर 64 होते. आणि हे युनिट टीव्हीच्या लेबलावर कुठेच नाहीत, कारण डबा टीव्हीचा भागच नाही. टीव्ही बंद असलेल्या चौदा तासांत बॉक्सचं बोर्डावरचं बटण बंद ठेवलं, तर वर्षाला सहाशे रुपयांच्या वर वाचतात. दुपारी तो सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढी कळ काढायची.

मागच्या महिन्यात माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, टीव्ही घेतेय. किती ताऱ्यांचा घेऊ?" नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते बाजूला ठेवून मी विचारलं, "तुमच्याकडे दिवसाला किती तास लागतो? आणि मे महिन्याचं बिल किती युनिटचं आलं होतं?" ती थोडी थांबली, म्हणाली, "थांबा हं, बिल काढते." ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, आणि मी वही उघडली.