घड्याळाने मला म्हातारं ठरवलं, त्याची गोष्ट

मंडळी, आमच्या सकाळच्या रनिंग ग्रुपवर सध्या एकच स्पर्धा आहे: कुणाच्या घड्याळात व्हीओटू मॅक्स किती! माझा आकडा ३९. माझ्याहून हळू पळणाऱ्याचा ४५. दोन दिवस मूडच गेला. मग म्हटलं, बातमीदार आहोत, जरा खोलात जाऊ.

व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण ताकद लावल्यावर शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून, ट्रेडमिलवर दमून थांबेपर्यंत पळवतात आणि श्वासातला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजतात. घड्याळ यातलं काहीच मोजत नाही. ते फक्त तुमचा वेग आणि नाडीचे ठोके बघून अंदाज बांधतं.

माझंच उदाहरण घ्या. सपाट रस्त्यावर मी मिनिटाला १५० मीटर पळतो. त्याला साधारण ३३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. तेव्हा ठोके १६०. वय ४६, म्हणून घड्याळाने २२० वजा ४६ करून माझे कमाल ठोके १७४ धरले. म्हणजे गडी जवळजवळ पूर्ण ताकद लावतोय, क्षमतेच्या ८६ टक्के. म्हणून आकडा ३९.

पण छातीचा पट्टा लावून चढावर जीव तोडून पळालो, तेव्हा ठोके १८६ वर गेले! म्हणजे १६० ला मी क्षमतेच्या ७७ टक्क्यांच्या आसपासच असतो. हाच हिशोब पुन्हा केला तर आकडा ४३.५ येतो. पाय तेच, फुप्फुसं तीच, फक्त सेटिंग चुकीचं.

मे महिन्यातही असंच होतं. उकाड्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात आणि आकडा घसरतो. फिटनेस कुठेही गेलेला नसतो.

उलटी चूक जास्त धोक्याची. आमच्यातले एक काका ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेतात. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. घड्याळाला वाटतं, वा, किती आरामात पळताहेत! आकडा झकास. काका त्या भरवशावर वेग वाढवायला निघाले होते. त्यांना म्हटलं, काका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि मुळात हा आकडा हृदय निरोगी असल्याचा दाखला नाहीच.

मग घड्याळ फेकायचं का? नाही. कमाल ठोके खरे भरा (छातीत दुखत असेल, औषध चालू असेल तर जीव तोडून पळायची चाचणी स्वतःच्या मनाने करू नका). पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर घट्ट बांधा. मग महिन्यातून एकदा, त्याच सपाट रस्त्यावर, त्याच गारव्यात, त्याच वेगाने पळा आणि ठोके बघा. ते कमी होत गेले तर सुधारणा खरी. आकड्याचा कल बघा, एक-दोन अंकांच्या चढउतारावर जीव टाकू नका.

आणि दुसऱ्याच्या मनगटाशी तुलना? ती तर नकोच. त्याच्या घड्याळात कुठलं वय, कुठले ठोके भरलेत, देव जाणे.

तुमच्या घड्याळात कमाल ठोके किती धरलेत? आज बघा आणि कमेंटमध्ये सांगा.