रॉयल्टीचा खरा आकडा

थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एका खाद्यपदार्थ-कंपनीच्या फ्रँचायझीचा करारनामा घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा 18 लाखांचे भांडवल, 6 टक्के रॉयल्टी आणि 5 वर्षांची मुदत हे तिन्ही आकडे त्यांना मुखोद्गत होते. परिशिष्ट मात्र त्यांनी उघडलेही नव्हते. हिशेबतपासनिसाच्या पेशामुळे मला असले दस्तऐवज शेवटच्या पानापासून वाचण्याची खोड जडली आहे.

परिशिष्टात हुकूम होता की, गोठवलेले सारण, मसाला, पाव, फार काय कागदी पिशवीसुद्धा कंपनीकडूनच, आणि तीही कंपनी वेळोवेळी ठरवील त्या दराने, घ्यावी. ‘‘साहेब, चव सारखी राहायला हवी ना?’’ ते म्हणाले. सारणापुरते ते मान्य. पण पिशवीला कसली आली आहे चव?

दरमहा विक्री 3 लाख धरली, तर या मालाचे 1,35,000 होत होते. तसाच माल अलिबागच्या व्यापाऱ्यांकडून 1,11,000 ला मिळत होता. म्हणजे 18,000 च्या उघड रॉयल्टीखाली 24,000 ची दुसरी, निनावी रॉयल्टी होती. शिवाय रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी. आणि 5 टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहास त्याची वजावट मिळत नसल्याने ते 3,240 रुपयेही खिशातलेच. असे 6 टक्क्यांचे 15 टक्के झाले.

भाडे, पगार, वीज व गॅस मिळून 1,05,000 वजा जाता 38,760 उरत. परंतु पावसाळ्यात मांडव्याच्या लाँची बंद होतात, मुंबईकर पाहुणा आटतो, आणि विक्री 1,60,000 वर आली तरी भाडे व पगार आटत नाहीत. अशा महिन्यास 28,328 ची तूट. आठ महिने बरे आणि चार महिने असे धरून वर्षाकाठी 1,96,768 उरतात. पाच वर्षांत दहा लाखांच्याही आत, आणि गुंतवलेले मात्र 18 लाख! यात त्यांच्या स्वतःच्या श्रमाची मजुरी धरलेलीच नाही. ती निनावी रॉयल्टी नसती, तर हेच दुकान मुदतीत सुमारे 22 लाख देते.

मुदतीपूर्वी दुकान सोडल्यास अनामत जप्त आणि उरलेल्या काळाची किमान रॉयल्टी देय, असे एक कलम होते. करार संपल्यावर दोन वर्षे तालुक्यात खाद्यव्यवसाय करू नये, असे दुसरे. हे दुसरे ऐकण्यास भयंकर वाटते, परंतु 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे मुदतीनंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. मुदत चालू असतानाची बंदी मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात ग्राह्य मानली आहे. मला अधिक भय वाटले ते जागेच्या भाडेपट्ट्याचे, कारण तो तीनच वर्षांचा होता. चौथ्या वर्षी घरमालकाने नकार दिला, तर मुदतीपूर्वी दुकान सोडल्याचा दोष यांच्याच माथी.

आम्ही कंपनीकडे किनाऱ्यावरील एखाद्या चालू दुकानाची जुलै-ऑगस्टची खरेदी-बिले मागितली. उत्तरादाखल रंगीत माहितीपत्रकाची आणखी एक प्रत आली, आणि टोकन रक्कम शनिवारपूर्वी भरण्याची आठवण. शनिवारी ते गृहस्थ माझ्याकडेच चहाला बसले होते.